स्टेजिंग आणि टेस्टचे फोन: बुकिंगचा टास्क करायचा की कॅलेंडर पुरे?

टिळकवाडीची टेस्टर: ऑफिसात स्टेजिंग सर्व्हर एक, टेस्टचे फोन चार आणि टीम तीन. ज्याला हवं तो ग्रुपवर "मी घेतोय" टाकतो नि रोज वाद. माझं मत, प्रत्येक बुकिंगचा जिरात टास्क व्हावा. लीड म्हणतात, नुसता पसारा वाढेल. तुमच्याकडं कसं चालतंय, सांगा की.

उद्यमबाग: टास्क कशाला? गुगल कॅलेंडरमध्ये मीटिंग रूमसारखंच स्टेजिंगचंही रिसोर्स करा. वेळ आधीच गेली असेल तर दुसऱ्याची विनंती आपोआप नाकारता येते. जिरात दोन टास्कच्या तारखा एकमेकींवर आल्या तरी तो अडवत नाही.

खानापूर लाइन: तेवढं बरोबर. पण वेळ संपली म्हणजे सर्व्हर मोकळा झाला असं नसतं. आमच्या बिलिंग टीमचं बुकिंग बुधवारी एकला संपलं. त्यांच्या मायग्रेशननं एका कॉलमचं नाव बदललं होतं, ते तसंच राहिलं. अ‍ॅप टीम दोनला आली. तिच्या जुन्या कोडला तो कॉलम सापडेना, बिलाच्या पानावर ५०० एरर. संध्याकाळपर्यंत बग नोंदवत बसले, त्यातला एकही खरा नव्हता. कॅलेंडर मात्र चोख होतं.

आता प्रत्येक बुकिंगच्या टास्कखाली रीसेटचा सबटास्क असतो, वापरणाऱ्याच्याच नावावर. डेटाबेस मूळ प्रतीवर आणायचा, `main` चढवायची, लॉगिन करून एक बिल काढून बघायचं. पुढच्या टीमचा टास्क त्याला `is blocked by` नं जोडलेला. रीसेट पुरा होईतो कुणी हात लावायचा नाही, घड्याळात कितीही वाजोत. रीसेटला तासभर जातो, म्हणून मध्ये दोन तास रिकामे ठेवतो.

निपाणी: मी एकटाच काम करतो, फोनही एकच. एम्युलेटरवर भागत नाही का?

टिळकवाडीची टेस्टर: स्क्रीन बघायला भागतं. आम्हाला ब्लूटूथ प्रिंटरवर कन्नड आणि मराठी पावत्या काढून बघायच्या असतात, त्याला खराच फोन लागतो.

खानापूर लाइन: फोनलाही तोच नियम लावा. बिल्ड बसवताना हे आलं,

```
INSTALL_FAILED_VERSION_DOWNGRADE
```

की समजा, आधीच्या टीमनं वरच्या `versionCode` चं बिल्ड ठेवून फोन परत केलाय. अ‍ॅप काढून पुन्हा बसवता येतं, पण त्यातला डेटा जातो. म्हणून ज्याचा डेटा त्यानंच बघून, परत करण्याआधी अ‍ॅप काढावं.

उद्यमबाग: रीसेटचं पटलं. पण दहा मिनिटांसाठी फोन हवा असला तर टास्क कोण करणार? लोक न सांगता उचलणार.

खानापूर लाइन: अर्ध्या तासाच्या आतलं काम आम्ही कपाटाजवळच्या वहीत लिहितो.

टिळकवाडीची टेस्टर: आणि प्रॉडक्शन बंद पडलं, हॉटफिक्स तपासायचाय, स्टेजिंग मात्र बुक आहे, तेव्हा?

उद्यमबाग: हॉटफिक्सवाल्यानं सरळ उठवावं.

खानापूर लाइन: नको. मायग्रेशन अर्ध्यात असताना उठवलंत तर हॉटफिक्सही चुकीच्या डेटाबेसवर तपासला जाईल. त्याला वेगळा सर्व्हरच हवा. आम्ही मागितलाय, अजून मंजूर नाही.

उद्यमबाग: तोवर ग्राहकानं थांबायचं का? हे मला पटत नाही.