भाषा नव्हे, खात्याचा देश

> 'फोन मराठीत केला, तरी इथल्या बँकेचं अ‍ॅप प्ले स्टोअरमध्ये दिसत नाही. या देशात नव्याने आलेल्यांना काय सांगू?'

भाषेचा इथे संबंध नाही. प्ले स्टोअर गूगल खात्याचा देश बघतं आणि तो अजून जुनाच आहे. तो बदलायला नव्या देशातलं कार्ड लागतं, जे नवख्याकडे बँक खात्याआधी नसतंच! शिवाय एकदा बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही आणि जुन्या देशातली प्ले शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही.

म्हणून देश बदलायची घाई नको. नव्या देशात पोचल्यावर फोनमध्ये दुसरं गूगल खातं उघडायला सांगा, व्हीपीएन बंद ठेवून, म्हणजे ते खातं त्याच देशाचं धरलं जाईल. मग प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करून ते खातं निवडायचं आणि बँकेचं अ‍ॅप शोधायचं. जुनं खातं मात्र काढू नका. आधीची अ‍ॅप्स त्यावरूनच अपडेट होतात.