शब्दचर्चा: पेनड्राइव्ह ‘रखडतो’, ‘रेंगाळतो’ की ‘अडखळतो’? आणि कॅशला काय म्हणावे?

शाईची दौत:
आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांसाठी एक पानाचे सूचनापत्र लिहिते आहे. उतरवून घेतलेले पाठांचे व्हिडिओ लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि शाळेत दाखवायचे, एवढाच विषय. सगळ्या शाळांची एकच तक्रार आहे: कॉपी सुरुवातीला भरधाव जाते, मग गोगलगाय होते, आणि शंभर टक्के दिसल्यावरही खिडकी बंद होत नाही. कंटाळून ड्राइव्ह उपसला की फाइल अर्धवट.

मी लिहिले, ‘माहिती आधी कॅशेत जाते, तिथून सावकाश ड्राइव्हवर लिहिली जाते.’ सहकारी म्हणतात, कॅशे चूक, उच्चार कॅश. पण कॅश म्हटले की वाचणाऱ्याला रोकडच आठवते. सुटसुटीत मराठी शब्द आहे का? आणि वेग कमी होतो त्याला ‘रखडतो’ म्हणू की ‘रेंगाळतो’?

उंबरठा:
सहकाऱ्यांचे बरोबर आहे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणे, आणि इंग्रजीत उच्चार कॅशच होतो. रोकडवाला कॅश वेगळ्या घरातला, पेटीवरून आलेला. ‘तात्पुरता साठा’ लिहा, कोणाचे अडणार नाही.

तांबडी माती:
शब्द बाजूला ठेवा, कारणच चुकते आहे. हा सगळा पोर्टाचा दोष. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २ असते, त्याचा वेग ४८० एमबी. निळ्या पोर्टात लावा, प्रश्न मिटला.

जुना तारयंत्री:
४८० हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागले की ६० उरतात, आणि त्यातले प्रत्यक्षात साधारण ३० ते ४० मेगाबाइट दर सेकंदाला पदरात पडतात. पोर्ट महत्त्वाचे आहेच. पण दोष फक्त पोर्टाचा असता तर वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत तिशीतच राहिला असता. आधी धावून मग बसण्याचे कारण पोर्टात नाही.

दौतताई, लॅपटॉपवर लिनक्स आहे का? रॅम किती? फाइल केवढी?

शाईची दौत:
हो, लिनक्स. ८ जीबी रॅम. मी पाहिली ती फाइल ३.६ जीबीची होती. एक-सव्वा जीबी डोळ्यांदेखत गेली, मग आकडा घसरत ६ एमबीवर येऊन थांबला.

जुना तारयंत्री:
मग हिशेब जुळतो. लिनक्स लिहायची माहिती आधी रॅममध्ये घेते आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘झाले’ असे सांगून मोकळे करते. ड्राइव्हवर न पोचलेली अशी माहिती किती साठू द्यायची, याची मूळ मर्यादा वापरायोग्य रॅमच्या २० टक्के. तुमच्याकडे ६ जीबी मोकळी धरली तर सव्वा जीबीच्या आसपास. तेवढी भरेपर्यंत तुम्ही रॅमचा वेग पाहता. ती भरत आली की प्रोग्रामला ताटकळावे लागते, आणि मग ड्राइव्हचा खरा वेग दिसतो.

तो ६ एमबी असेल तर ३.६ जीबीला दहा मिनिटे लागणारच. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचते तेव्हाही शेवटचे सव्वा जीबी रॅममध्येच असते. ते उतरायला आणखी तीन-साडेतीन मिनिटे. शिक्षक ड्राइव्ह उपसतात तो नेमका याच वेळात. कॉपी चालू असताना दुसऱ्या खिडकीत हे चालवून पाहा:

```
watch -n1 "grep -E 'Dirty|Writeback:' /proc/meminfo"
```

`Dirty` समोरचा आकडा म्हणजे उतरायची राहिलेली माहिती. `sync` दिले तर सगळे उतरल्याशिवाय आज्ञा परत येत नाही. पडद्यावरचे ‘इजेक्ट’ही आधी हेच करते.

खतावणी:
मग शब्द शोधायला लांब कशाला जायचे? आमच्या पेढीवर व्यवहार आधी रोजकिर्दीत पडायचा, सवडीने खतावणीत चढायचा. रॅममधली ती रोजकीर्द, पेनड्राइव्ह ही खतावणी. ‘माहिती अजून खतावलेली नाही, ड्राइव्ह काढू नका.’ क्रियापदासकट तयार शब्द आहे.

उंबरठा:
शब्द सुंदर आहे, पण आज पंचविशीतल्या शिक्षकाला ‘खतावणे’ समजावून सांगावे लागेल. मग कॅशनेच काय घोडे मारले?

खतावणी:
पंचविशीतल्यांनी वापरायचाच नाही असे ठरवले तर शब्द जगेल कसा? खत म्हणजे लिहिलेला कागद, त्यावरून खतावणी. लिहिण्याशी थेट नाते आहे.

उंबरठा:
खात्यावरून नव्हे? मला तरी ‘खाते’च मूळ वाटते.

रानजाई:
माझेही असेच होते. लग्नाचे फोटो विंडोजवरून पेनड्राइव्हवर घेते, हजारो लहान फाइली, सुरुवातीपासूनच केबी-केबीने सरकतात. पोर्ट निळे आहे, ड्राइव्हही ३.० चा. कॅश रिकामी कशी करायची? ब्राउझरची केली, फरक पडला नाही.

जुना तारयंत्री:
ब्राउझरची कॅश वेगळी, तिचा इथे संबंध नाही. तुमची गोष्टही वेगळी. प्रत्येक लहान फाइलीमागे ड्राइव्हवरची नोंद बदलावी लागते. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट लिहिता येत नाही. मोठा ठोकळा आधी पुसावा लागतो, आणि त्यात कामाचे काही असेल तर ते दुसरीकडे हलवावे लागते. स्वस्त ड्राइव्हचा कंट्रोलर इथे घामाघूम होतो. फोटोंची एकच झिप करून ती कॉपी करा.

शिवाय विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून काढत्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच लागू असते, म्हणजे लिहिणे अडवून ठेवत नाहीत. तिथे मोठी फाइल धावून मग मंदावली तर मी आधी ड्राइव्हवर संशय घेईन. काही ड्राइव्ह सुरुवातीची माहिती प्रत्येक पेशीत एकच बिट ठेवून झटपट लिहितात. ती जागा संपली की तीन-तीन बिट भरावे लागतात आणि वेग कोसळतो. पाकिटावर छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे.

तांबडी माती:
म्हणजे निळ्या पोर्टाचा काहीच उपयोग नाही?

जुना तारयंत्री:
चांगल्या ड्राइव्हला खूप आहे. ६ एमबीने लिहिणाऱ्याला नाही, त्याला यूएसबी २ सुद्धा पुरून उरते. जोडणी कोणती झाली ते `lsusb -t` मध्ये दिसते: `480M` किंवा `5000M`. ३.० चा ड्राइव्ह अर्धवट खोचला गेला तर तोही `480M` वर बसू शकतो.

दौतताईंच्या क्रियापदांकडे वळतो, कारण त्यांत निदानच दडले आहे. रॅमचा साठा भरल्यावर वेग एका आकड्यावर स्थिर होतो, तिथे ‘मंदावतो’ पुरे. आकडा शून्यावर जातो, काही सेकंद थांबतो, पुन्हा उसळतो, तेव्हा ड्राइव्ह आतल्या आत ठोकळे पुसत असण्याची शक्यता मोठी. तिथे ‘अडखळतो’ म्हणावे. ‘रेंगाळणे’ मनाने होते, यंत्राला ते लावू नये.

रानजाई:
का नाही? आमच्याकडे पाऊस रेंगाळतो, दुखणे रेंगाळते. त्यांना कुठे मन असते?

उंबरठा:
पटले. आणि ‘रखडणे’ला बाहेरचा अडथळा लागतो. काम रखडते, रस्ता रखडतो. इथे तोच शब्द योग्य.

शाईची दौत:
सध्या असे लिहिले आहे: ‘शंभर टक्के दिसले तरी ड्राइव्ह उपसू नका. आधी इजेक्ट करा आणि “आता काढता येईल” असा निरोप येईपर्यंत थांबा. तोवर पाठाचा शेवटचा भाग लॅपटॉपच्या रॅममध्येच असतो.’ कॅश शब्द आलाच नाही.

खतावणी:
‘रॅममध्येच असतो’ऐवजी ‘अजून खतावला गेलेला नसतो’ करून पाहा. एका कंसात अर्थ द्या.

उंबरठा:
कंस द्यावा लागतो तो शब्द सूचनापत्रात नको.

तांबडी माती:
ते ठीक, पण ‘उपसू नका’ का? ड्राइव्ह उपटतात, पाणी उपसतात.

खतावणी:
तलवारही उपसतात.