मदत हवी आहे: कव्हर ड्राइव्ह मारायला गेलो की एकतर स्लिपला कॅच, नाहीतर कव्हरच्या हातात

रविवारचा_ओपनर

वय 34, पुण्यात राहतो, उजव्या हाताने खेळतो. पंधरा वर्षं टेनिस बॉलवर काढली. गेल्या दिवाळीनंतर ऑफिसच्या टीमबरोबर सीझन बॉल सुरू केला, मॅटिंगवर, 25 ओव्हरच्या मॅचेस. कट आणि पुल बरे लागतात, डिफेन्सही ठीक आहे. पण ऑफ स्टंपच्या बाहेर पुढे पडलेला बॉल दिसला की हात शिवशिवतात आणि घात होतो. गेल्या आठ इनिंग्जमध्ये पाचदा याच शॉटवर आऊट झालोय. तीनदा कड लागून स्लिप किंवा गल्लीत, दोनदा बॉल उचलला जाऊन सरळ कव्हरच्या हातात.

नेटमध्ये भावाने मागून मोबाइलवर शूट केलं. त्यात दिसतं की शॉट मारून झाल्यावर माझा मागचा पाय फिरून पॉइंटच्या बाजूला येतो आणि मी दोन पावलं लडखडत पुढे जातो. चूक पायाची, हाताची की नजरेची, तेच कळत नाही. कुठून सुरुवात करू?

गल्लीतला_गावसकर

भावा, पाय छोटा पडतोय तुझा, बाकी काही नाही. पाय जितका लांब जाईल तितकं चांगलं. बॉल टप्पा घेतो तिथपर्यंत पाय न्यायचा, मग स्विंग नाही न् कड नाही. आमचे सर स्टंपने मोजायचे, क्रीजपासून एक स्टंप पुढे पाय पडलाच पाहिजे.

मध्यमगती_47

बॅट किती वजनाची आहे? मी मागच्या वर्षी जड बॅट घेतली आणि माझेही असेच कॅच उडायला लागले. मुलाची हलकी बॅट घेतल्यावर फरक पडला. शिवाय डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी पुढे वाकूच शकत नाही, जागेवरूनच मारतो. हलक्या बॅटबद्दल कुणाला माहिती असेल तर सांगा.

रविवारचा_ओपनर

काका, बॅट टीमची आहे, बाकीचे तिनेच छान मारतात. त्यामुळे दोष तिला देता येत नाही :)

स्लिपमधले_आप्पा

पस्तीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, त्यातली बरीचशी पहिल्या स्लिपमध्ये. तिथून बॅट्समनचं डोकं कुठे जातंय ते फार छान दिसतं. मुलांना शिकवतोही थोडंफार.

तुमचे दोन वेगवेगळे आऊट आहेत, ते आधी वेगळे करू. कड लागते तेव्हा बॉल तुमच्यापासून आडवा लांब असतो. पाय बॉलच्या रेषेकडे गेलेला नसतो, म्हणून हात लांब जातात आणि बॅटचं तोंड उघडतं. बॉल उचलला जातो तेव्हा डोकं मागे राहिलेलं असतं आणि बॉल डोक्याच्या पुढे गाठला जातो. तिथे बॅट वर जायला लागलेली असते, मग बॉलही वर जाणारच. मागचा पाय पॉइंटकडे फिरतो याचा अर्थ पाय जिथे पोचला नाही तिथे तुम्ही डोकं नेलंत. सगळं वजन ऑफ साइडला कलंडलं, पडू नये म्हणून मागचा पाय धावत आला. तो पाय बिचारा तुम्हाला सावरतोय, त्याला दोष देऊ नका.

अंदाजापेक्षा मोजून बघा. नेटमध्ये कुणालातरी बारा बॉल टाकायला सांगा, ऑफ स्टंपपासून बाहेर साधारण फूटभर, सगळे पुढे. प्रत्येक बॉलनंतर डाव्या बुटाचा अंगठा पडला तिथे मॅटवर खडूने खूण करा. पाय कुठे पडला याबद्दल आपली आठवण खोटं बोलते. बारा खुणांचा फोटो इथे टाका.

गल्लीतला_गावसकर

म्हणजे मी म्हणतो तेच ना आप्पा? पाय पोचत नाही.

स्लिपमधले_आप्पा

अर्धं तेच. पोचत नाही हे खरं, पण लांब टाकून पोचेल हे खरं नाही. उगाच लांब टाकलेला पाय टाचेवर पडतो आणि गुडघा ताठ होतो. ताठ गुडघ्यावर डोकं पुढे जाऊच शकत नाही, ते दोन पायांच्या मधोमध लटकतं. घरी आरशासमोर करून बघा: मोठ्ठं पाऊल टाका आणि हनुवटी गुडघ्याच्या वर आणायचा प्रयत्न करा. मग पाऊल वीतभर आखूड करून गुडघा वाकवा आणि पुन्हा बघा. एक स्टंप पुढे हे माप उंच मुलाला ठीक आहे, पाच फूट चार इंचाच्या माणसाला नाही. आणि टप्प्यापर्यंत तुम्ही फक्त अगदी पुढे पडलेल्या बॉलवर पोचता. बाकीचे सोडून द्यायचे किंवा अडवायचे असतात.

नॉनस्ट्रायकर

पण सेहवाग कुठे पाय हलवायचा? कसोटीत दोन त्रिशतकं आहेत त्याची.

स्लिपमधले_आप्पा

पाय हलवत नव्हता, पण डोकं बघा. फटका लागेपर्यंत दगडासारखं स्थिर. त्याची नजर आणि हात आपल्याकडे असते तर हा धागा निघालाच नसता.

रविवारचा_ओपनर

आप्पा, रविवारी खुणा केल्या. फोटो चढत नाहीये, लिहून सांगतो. बारापैकी नऊ खुणा एकाच जागी, जवळजवळ एकावर एक! मधल्या स्टंपच्या रेषेत, सरळ बोलरच्या दिशेने. उरलेल्या तीन तर लेगकडे झुकलेल्या. मला शपथेवर वाटत होतं की मी बॉलकडे पाय काढतोय.

स्लिपमधले_आप्पा

सापडलं. तिन्ही स्टंप मिळून रुंदी 9 इंच, म्हणजे मधल्यापासून ऑफ स्टंपची बाहेरची कड साडेचार इंचांवर. बॉल तिथून आणखी 12 इंच बाहेर. तुमचा पाय आणि बॉल यांच्यात साडेसोळा इंचांची दरी राहिली. ती कुणी भरली? हातांनी आणि कलंडलेल्या डोक्याने. मारताना बॅट मोकळी जाईल एवढीच जागा हवी, वीतभरापेक्षा कमी.

खुणा एकावर एक पडल्या यातून दुसरीही गोष्ट कळते. बॉलची रेषा दिसायच्या आधीच तुमचा पाय पडून गेलेला असतो. ही टेनिस बॉलची देणगी. तिथे डावा पाय बाजूला काढून मिडविकेटवरून उचलायला जागा करायची सवय लागते, आणि बॉल हलका असल्यामुळे ती खपून जाते.

आता पायाचा विचार सोडून द्या. डावा खांदा आणि डोकं बॉलकडे झुकवा, जणू बॉलचा वास घ्यायचाय. डोकं निघालं की पाय त्याच्या खाली येतोच, नाहीतर तोंडावर पडाल. बुटाचा पुढचा भाग कव्हर आणि मिडऑफच्या मधे रोखलेला असावा. तो पूर्ण पॉइंटकडे आडवा पडला तर कंबर अडकते आणि बॅटला वळसा घेऊन यावं लागतं. गुडघा वाकलेला, वजन चवड्यावर, बॉल डोळ्यांच्या खाली गाठायचा.

सराव असा करा. भाऊ ऑफ साइडला, बॅटच्या टप्प्याबाहेर उभा राहील आणि हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून बॉल नुसता सोडेल. एक टप्पा पडू द्या, दुसऱ्यांदा खाली येताना मारा. मारल्यावर तसेच थांबा आणि तोंडाने एक, दोन मोजा. डावा गुडघा वाकलेला, उजवी टाच वर, उजवा अंगठा जमिनीला टेकलेला, डावं कोपर उंच. दोन म्हणायच्या आत पाय हलला तर तो बॉल फुकट गेला, मग तो कितीही गोड लागलेला असो. भाऊ दर वेळी सोडण्याची जागा थोडी बदलेल, नाहीतर तुम्ही पुन्हा एकाच जागी पाय टाकायला शिकाल.

नॉनस्ट्रायकर

यावर मतभेद नोंदवतो. दोन मोजून पुतळा व्हायची सवय लागली तर रन पळायला उशीर होतो. आमच्या कोचने हे बंद केलं होतं.

स्लिपमधले_आप्पा

नेटमध्ये पुतळा, मॅचमध्ये पळा. पण तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, काही मुलं खरंच पोज देत उभी राहतात. मी अजूनही मोजायला लावतो, तुमचे कोच लावत नसतील.

मध्यमगती_47

आप्पा, माझा गुडघा वाकत नाही त्याचं काय? डोकं पुढे नेलं तर तोल जातो.

स्लिपमधले_आप्पा

मग पुढचा ड्राइव्ह सोडा आणि उशिरा खेळा, बॉल जवळ येऊ द्या. फटका सोडून देणं लाजिरवाणं नाही. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिनने हेच केलं. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेर आऊट होत होता, म्हणून कव्हर ड्राइव्ह जवळपास बंदच करून टाकला आणि 436 बॉलमध्ये नाबाद 241 केले. तुम्हाला 24 पुरतील.

मध्यमगती_47

24 झाले तर पार्टी माझ्याकडून.

रविवारचा_ओपनर

तीन आठवड्यांनी लिहितोय. रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस बॉल. पहिले चार दिवस दहातले सात फुकट जायचे, दोन म्हणायच्या आधीच लडखडायचो. आता दहातले दोन किंवा तीन. परवा पुन्हा खडू घेतला, खुणा आता ऑफ स्टंपकडे पसरल्या आहेत, एकावर एक नाहीत.

काल मॅचमध्ये 31 केले. एक कव्हर ड्राइव्ह असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही, बॉल गवत कापत गेला, आणि मी खरंच दोन मोजेपर्यंत उभा होतो. नॉनस्ट्रायकर साहेब, तिथे फोर गेली म्हणून वाचलो :) पण आऊट नवीनच झालो. बॉल बाहेर वाटला, पाय नेला, तो टप्पा पडून आत आला आणि बॅट-पॅडच्या मधून मधला स्टंप घेऊन गेला.

गल्लीतला_गावसकर

दार उघडं ठेवलंस भावा. बॅट पॅडला चिकटवून खेळ.

स्लिपमधले_आप्पा

चिकटवून ड्राइव्ह होत नाही, ती डिफेन्सची गोष्ट. आत येणाऱ्या बॉलवर मुळात कव्हर ड्राइव्ह नसतोच, तो मिडऑफकडे किंवा त्याहून सरळ खेळायचा. प्रश्न एवढाच की तो आत येणार हे तुम्हाला कधी कळलं? तो बोलर आधी बाहेर काढत होता की पहिल्यापासून आतच आणत होता? आणि त्या बॉलला पाय आधी पडला की बॉलबरोबर?

रविवारचा_ओपनर

बोलर तीन ओव्हर बाहेरच काढत होता. पायाचं खरंच आठवत नाही. पुढच्या रविवारी भावाला मागून न घेता पॉइंटच्या बाजूने शूट करायला सांगतो.