मदत हवी आहे : ‘आचाऱ्यांना’ छापायचं कसं?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या आमच्या गावात वनभोजन आहे. स्वयंपाक्यांसाठी सूचना लिहिली, ‘आचाऱ्यांनी गॅस बंद करावा’. छापून आलं ‘आचार्यांनी’! आता गुरुजनांनी गॅस बंद करायचा की काय? छापणारा भाऊ कानडी माध्यमात शिकलेला. कानडीतला रफार, म्हणजे अर्कावत्तू, अक्षराच्या उजवीकडे लागतो, आपला रफार डोक्यावर. पण ‘आचाऱ्यां’तला हा अर्धा र त्याच्या ओळखीचाच नाही.

मला कळतं ते एवढंच : सूर्य, कार्य, धर्म यांत र चा आघात मागच्या अक्षरावर पडतो, म्हणून रफार. ‘सुऱ्या’त सु वर जोर येत नाही, म्हणून अर्धा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. तऱ्हा, कुऱ्हाड यांतही तोच.

र, हलन्त, य असं टाइप केलं की र्य होतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून j ने ऱ घेतला, पुढे हलन्त आणि य, तर मोबाईलवर ऱ्य नीट दिसतं. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र र खाली टिंब आणि हलन्त सुटे दिसतात.

फ्लेक्सवर चालेल असा, ऱ्य आणि ऱ्ह दोन्ही नीट जोडणारा युनिकोड फॉन्ट कोणता वापरता? आणि ‘सूर्याला’, ‘कार्याला’ असं सामान्यरूप झालं तरी रफारच राहतो ना?