घसा धरल्यावर वाफ घेणं : तुमची पद्धत आणि काय चुकतं

ऊसतोड सुरू झाली, पहाटेचं धुकं पडायला लागलं की आमच्या सांगली-साताऱ्याकडं घराघरात घसे धरतात आणि पातेली गॅसवर चढतात. ज्यांना यातलं नीट ठाऊक आहे त्यांनी लिहा. भांडं कुठं ठेवता, पाणी किती, मुलांना आणि म्हाताऱ्यांना कसं देता? "आमच्यात पूर्वीपासून असंच" एवढ्यावर थांबू नका, कारणासकट लिहा.

मिरजेची सिस्टर

भाजलेल्यांच्या वॉर्डात काम करते, म्हणून आधी अपघाताचंच सांगते. वाफेनं चेहरा पोळण्यापेक्षा भांडं कलंडून पाणी मांडीवर सांडणं आमच्याकडं जास्त दिसतं.

चार वर्षांचं मूल पलंगावर मांडी घालून बसलंय, पुढ्यात स्टुलावर दीड लिटर उकळतं पाणी, डोक्यावरून टॉवेल. आत गरम होतं, काही दिसत नाही, मूल टॉवेल ओढतं. टॉवेलचं टोक पातेल्याच्या कडेला किंवा दांड्याला अडकतं आणि पातेलं त्याच्याकडंच येतं. मांडी घातलेली असल्यानं पाणी ओघळून जात नाही, जांघेत साठतं. चड्डी ते पाणी धरून ठेवते. 60 अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत खोल भाजतं, मुलाची कातडी पातळ असल्यानं त्याला त्याहून कमी वेळ पुरतो. हे पाणी तर 60 च्या बरंच वर असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलाला पातेल्यावर वाकवायचंच नाही. टॉवेल काढला, आई शेजारी बसली, तरी नाही. भांडं कलंडतं तेव्हा हात मध्ये घालायला वेळ मिळत नाही.

वाईकर_पोरगी

चेहऱ्याला वाफ घेतल्यावर लगेच बर्फ लावायचा का? माझ्या कपाळावर बारीक पुरळ येतं.

कराडचा_मास्तर

पोरी, इथं घशाचं चाललंय.

सांडायचीच भीती असेल तर कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावा की. पाणी बंद भांड्यात, वाफ लांब. दुसरं म्हणजे लहान मुलांसाठी बाथरूमचं दार लावून गिझरचा गरम नळ सोडायचा आणि मूल कडेवर घेऊन दहा मिनिटं आत बसायचं. आणि महाबळेश्वरला पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथं तेवढी भीती नाही.

मिरजेची सिस्टर

मास्तर, बाथरूमचं निम्मं बरोबर आहे, पण निम्मं जीवावर बेतणारं आहे.

विजेचा गिझर असेल तर चालेल. आधी गरम पाणी सोडून खोली दमट करा, नळ बंद करा, मग मुलाला घेऊन आत जा आणि नळापासून लांब बसा. आत गरम पाण्याची बादली भरून ठेवू नका, मूल तिच्यात हात घालतं किंवा पडतं. पण आपल्याकडं पुष्कळ घरांत गॅस गिझर बाथरूममध्येच असतो. दार-खिडकी लावून तो चालू ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस तिथंच पडतो. तिथं हा उपाय करूच नका.

कुकरची नळी तर नकोच. पातेल्यातली वाफ हवेत मिसळून निवत वर येते. कुकरची दाबाखालची वाफ सरळ तोंडावर येते आणि कातडीवर पाणी होताना सगळी उष्णता तिथंच सोडते. नळी दुमडली तर आत दाब वाढतो तो वेगळाच. महाबळेश्वरलाही पाणी 95 अंशांच्या आसपास उकळतं. पाच अंशांनी भाजायचं काय थांबतंय!

सांगली_रिपेरी

वाफेच्या मशीनबद्दल लिहितो, दुरुस्तीला रोज येतात. स्वस्त प्लॅस्टिकच्या मशीनमध्ये कॉइल नसते. दोन पट्ट्या असतात आणि करंट पाण्यातूनच जातो. त्यामुळं बोअरच्या पाण्यावर धडाधड वाफ येते आणि आरओच्या पाण्यावर मशीन नुसतं कोमट होतं. मग लोक चिमटीऐवजी चमचाभर मीठ टाकतात. करंट वाढतो, पाणी उसळतं आणि तोंडातून उकळते थेंब चेहऱ्यावर उडतात. मशीन थुंकायला लागलं की समजा मीठ जास्त झालंय किंवा पाणी खुणेच्या वर गेलंय. पिन काढल्याशिवाय झाकण उघडू नका, आतल्या पाण्यात करंट असतो. पट्ट्यांवर पांढरा क्षार चढला तर व्हिनेगर घालून ठेवा आणि स्वच्छ धुवा.

कृष्णाकाठची_सून

सासरे 78 वर्षांचे, शुगर आहे, वाफेशिवाय ऐकत नाहीत. त्यांना कशी द्यायची? आणि कापूर टाकू का?

मिरजेची सिस्टर

ताई, त्यांना पलंगावर नको, पाठ टेकायच्या खुर्चीत बसवा. न डुगडुगणारं टेबल घ्या, वर टेबलक्लॉथ नको. ओलं फडकं, त्यावर खोल परात, परातीत रुंद बुडाचं बिनदांड्याचं पातेलं. पाणी लिटरभर, पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. परात कडेपासून हातभर आत, म्हणजे कलंडलंच तर पाणी परातीत राहतं, मांडीवर येत नाही.

उकळलं की गॅस बंद करा आणि गॅसजवळच दहा मिनिटं थांबा. तेव्हाही पाणी 70 च्या वर असतं आणि वाफ भरपूर येते, पण ती चटका देत नाही. त्यांचं नाक जिथं येणार तिथं तुमच्या मनगटाची आतली बाजू दहा सेकंद धरून बघा. सहन झालं तर ठीक. शुगरमुळं त्यांना चटका उशिरा कळू शकतो, म्हणून अंदाज तुमच्या हातानं घ्यायचा. टॉवेल डोक्यावरून नको, चेहरा वीतभर किंवा जास्त लांब. पाच मिनिटं पुरे. लगेच उठवू नका, काहींना चक्कर येते. आधी पाणी मोरीत ओता, मग त्यांना उठवा.

कापूर, बाम, निलगिरी काही नको. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. वाटीत विरघळवलेला कापूर घरात नातवंडांच्या हाताशी कशाला ठेवायचा?

मिरज_सूर

मी गाणं शिकवतो. वाफेनं घसा ओला होतो, खरखर कमी होते, हे आम्हाला रोज कळतं. तुम्ही लोक फायद्याचं काहीच बोलत नाही.

मिरजेची सिस्टर

मोकळं वाटतं, ते खरंच. घट्ट शेंबूड सुटतो, कोरडा घसा ओलावतो, पण तासा-दोन तासांत परत पहिल्यासारखं. सर्दी लवकर बरी होते असं काही दिसलेलं नाही, विषाणूही मरत नाही. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, गुळणी जमणाऱ्याला कोमट पाण्याच्या पेल्यात पाव चमचा मीठ, एवढ्यानंही घशाला तेवढाच आराम पडतो आणि भाजत नाही.

मिरज_सूर

मधाचं गाणाऱ्याला पटणार नाही. असो.

कराडचा_मास्तर

आणि सांडलंच तर? आमच्याकडं कोलगेट लावतात.

मिरजेची सिस्टर

कोलगेट, हळद, शाई, बर्फ काही नाही. ओले कपडे आणि लंगोट लगेच काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर तेवढं राहू द्या. भाजलेल्या जागेवर साध्या नळाचं वाहतं पाणी पूर्ण 20 मिनिटं, घड्याळ लावून. बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळा, नाहीतर मूल गारठतं. मग स्वच्छ सुती कापड सैल टाकून दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर 108. जांघ, चेहरा, हात भाजला असेल तर फोड लहान दिसला तरी न्यायचंच.

आणि मूल लाळ गिळत नसेल, श्वास आत घेताना घरघर आवाज येत असेल, तर वाफेत वेळ घालवू नका. पातेलं न चढवता थेट निघा.

वाईकर_पोरगी

मग बर्फ नकोच ना?