कटवर्क: आधी कापायचं की आधी काजटाका?

सुईदोरा: टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर फुलाचं कटवर्क भरलंय. काजटाका पूर्ण करून पाकळ्यांच्या आतलं कापड कापलं, तर काही कडांतून धागे डोकावतायत. दोन ठिकाणी टाकाच कापडातून सरकून आला. आधी कापून मग टाका घालायला हवा होता का?

रेवा: हो, अर्थात! मी आधी मधोमध चीर देते, कापड मागे दुमडते आणि दुमडीवरून काजटाका घालते. कड दुहेरी होते, धागा निघायचा प्रश्नच नाही. टाका घालून मग कापणं म्हणजे उसवायला आमंत्रण.

जुनी_कशिदाकार: रेवा, पटलं नाही. एवढ्याशा पाकळीत आधी चीर दिली की कापड ओढलं जातं आणि आकार बिघडतो. सुईदोरा, धागे कुठल्या कडेतून निघतायत ते आधी बघा. जिथे पाकळीची कड कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर धावते, तिथेच ना? तिथे शेवटचे दोन-तीन धागे टाक्याच्या पोटात नुसते आडवे पडलेले असतात. जरा ताण आला की टाक्यासकट बाहेर सरकतात. उरेब कडेत प्रत्येक धागा टाक्यांखालून आत जातो, म्हणून तो धरून राहतो.

सरळ कडेला काजटाक्याखाली धावदोऱ्याच्या दोन ओळी हव्यातच, आणि टाका निदान तीन मिलिमीटर खोल. गाठींची बाजू कापायच्या भागाकडे. कापताना कापड उलटं करा, मध्यापासून टोकांकडे चिरा द्या, चिरलेल्या कापडाचा एकेक तुकडा मागे दुमडून हलका ताणा आणि कात्रीचं पातं आडवं ठेवून टाक्यालगत कापा. समोरून कापलं की गाठ कापली जाते.

मनू७: माझ्या ब्लाउजच्या काजांचेही धागे निघतात. मी नेलपॉलिश लावते. तुम्हीही लावून बघा.

जुनी_कशिदाकार: काजाला चालून जाईल, पण इथे कड टणक होते आणि पांढऱ्यावर डाग दिसतो. शिवाय सरकणारा टाका त्याने थांबत नाही.

रेवा: विरळ विणीच्या लिननवर मात्र मी माझीच पद्धत वापरणार. तिथे तीन मिलिमीटरही सुटतात, हे अनुभवाने सांगते.

जुनी_कशिदाकार: विरळ विणीवर आणि मोठ्या आकारावर तुमचं मान्य. मधून दोऱ्याचा आडवा बार जात असेल तर मात्र चीर बारखालून जपून द्या, बार कापला गेला तर सगळंच गेलं.

रेवा: आणि कापण्याआधी धुवायचं. छापाच्या रेषा जातात, वीणही आवळते.

जुनी_कशिदाकार: मी कापल्यावर धुते. धुतल्यावर जी लव वर येते, ती तेव्हाच छाटता येते.

सुईदोरा: सरळ कडाच निघाल्या, ताई! धावदोरा एकच ओळ होता. सरकलेल्या दोन जागांचं काय करू?

जुनी_कशिदाकार: सरकलेले टाके आत्ता कापू नका. त्यांच्या मागे, शाबूत कापडात धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, त्यावर दोन पदरी दोऱ्याने नवा काजटाका घाला आणि मग जुनी कड छाटा. ती पाकळी थोडी मोठी दिसेल, समोरचीही तेवढीच वाढवा.