मदत हवी आहे: मागच्या बाकांवरून स्लाइड वाचता येत नाही (सातवी, गोदावरीचा नकाशा)

गोदाकाठ
सातवीला गोदावरीचा नाशिक जिल्ह्यातला प्रवास शिकवायचा आहे. ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, नाशिक शहर, दारणेचा संगम आणि नांदूर मध्यमेश्वर, एवढाच भाग. एका स्लाइडवर मथळा, आठ ओळी मुद्दे आणि कोपऱ्यात नकाशा, म्हणजे पुस्तकातल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. मागे गडद निळा रंग, अक्षरं पांढरी, साइज १८.

वर्ग पंचवटीत, भिंतीपासून शेवटचा बाक साधारण २४ फुटांवर. प्रोजेक्टर जुना आहे, भिंतीवर त्याचं चित्र ४ फूट उंच पडतं. एका बाजूला खिडक्या, पडदे नाहीत. मागच्या तीन बाकांवरून काहीच वाचता येत नाही. शिवाय स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्या चालतील एक वेळ. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो, त्याचं काय करू?

निफाडचा_मास्तर
मॅडम, बॅकग्राउंड पूर्ण काळं करा आणि अक्षरं पिवळी. डोळ्यांना त्रास होत नाही. आणि एका स्लाइडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द, हा नियम पाळा.

खडू_डस्टर
निफाडचे सर, काळं बॅकग्राउंड अंधाऱ्या हॉलमध्ये छान दिसतं. इथे पडदे नाहीत. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, तो त्या जागी फक्त प्रकाश टाकायचा थांबतो. खिडकीच्या उजेडात भिंत जेवढी उजळ दिसते, तेवढाच त्याचा 'काळा'. त्यामुळे गडद निळा राखाडी होतो आणि पांढरी अक्षरं त्यात विरतात. उजेडाच्या वर्गात पांढरी स्लाइड, काळी अक्षरं. आणि सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस शब्द झाले, नकाशा ठेवायचा कुठे?

मॅडम, काळ्या पट्ट्या चालणार नाहीत, तुमचं निम्मं दुखणं तिथेच आहे. प्रोजेक्टर ४:३ चा आहे आणि स्लाइड १६:९ ची. ४ फूट उंचीतली ३ फूटच स्लाइडच्या वाट्याला येते, बाकी पट्ट्या खातात. पॉवरपॉइंटच्या Design मध्ये Slide Size उघडून Standard (4:3) करा. तेच १८ साइजचं अक्षर भिंतीवर एक तृतीयांशाने मोठं पडेल. हे काम अगदी सुरुवातीला, रिकाम्या फाइलमध्ये करा. भरलेल्या फाइलमध्ये आकार बदलला तर सगळं आक्रसतं किंवा कडेला कापलं जातं.

तरीही १८ पुरणार नाही. देवनागरीत साइजचा बराच भाग वेलांट्या, मात्रा आणि उकार घेतात, मधलं अक्षर लहान उरतं. नकाशावरची नावं किमान २८, मथळा ३६. बारीक रेषेचा फॉन्ट घेऊ नका, आधी अनुस्वार आणि रफार गायब होतात. मथळा दोन ओळींचा असेल तर ओळींतलं अंतर १.२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो.

शाळेत न जाता तपासता येतं. शेवटचा बाक चित्राच्या उंचीच्या सहापट लांब आहे (२४ भागिले ४). लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडून तिची उंची पट्टीने मोजा. १७ सेंमी भरली तर १०२ सेंमीवर, म्हणजे साधारण साडेतीन फुटांवर उभं राहून वाचा. तिथून अडखळलात तर मागचं मूलही अडखळणार. वर्गातल्या उजेडाचा हिशोब यात नाही, म्हणून थोडं मोठंच ठेवा.

सिन्नर_गणित
माझा प्रश्न जोडतो. समीकरण सोडवताना पायऱ्या एकाखाली एक लागतात, तिथे कमी शब्दांचं काय करायचं?

खडू_डस्टर
सर, पायऱ्या फळ्यावरच. स्लाइडवर फक्त मूळ समीकरण किंवा आकृती. मुलांचा हात तुमच्या खडूच्या वेगाने चालतो, स्लाइडच्या नाही.

लेन्स_नाशिकरोड
प्रोजेक्टरच बदला ना. किती ल्युमेनचा घेताय, त्यावर सांगतो.

गोदाकाठ
सर, प्रोजेक्टर घ्यायचा नाहीये, आहे त्यावरच भागवायचं आहे 🙂
@खडू_डस्टर, ४:३ केलं. घरी साडेतीन फुटांवरून २८ वाचता येतंय, १८ खरंच नाही. पण नकाशाचा फोटो मोठा केला की फुटतो, आणि त्यातली गावांची नावं तरीही मुंगीएवढी.

खडू_डस्टर
तो फोटो दाखवायचाच नाही, गिरवायचा. पुस्तकातला नकाशा हातात धरून वाचायला केलेला असतो. त्यात तालुक्यांच्या सीमा, रस्ते, पंचवीस गावं. तुम्हाला हवी एक नदी आणि पाच ठिकाणं.

फोटो स्लाइडभर पसरा. Insert, Shapes, मग Curve. ब्रह्मगिरीपासून सुरुवात करून नदीच्या वळणांवर क्लिक करत नांदूर मध्यमेश्वरपर्यंत जा, तिथे डबल क्लिक. रेघ निळी, जाडी ६. दारणा आणि कादवा त्याच रंगात, जाडी ३. दारणा उजव्या तीराला मिळते, कादवा डाव्या, ते फोटोवरून नीट बघून घ्या. ठिकाणांना ठळक गोल ठिपके, नाव ठिपक्याच्या शेजारी. वेगळी सूची आणि १, २, ३ आकडे नकोत, मूल सूची आणि नकाशा यांच्यात नजर फिरवत बसतं. मग खालचा फोटो डिलीट करा. उत्तर दिशेचा बाण विसरू नका.

आता ही पूर्ण स्लाइड डाव्या पट्टीत निवडून Ctrl+D ने चार प्रती काढा. पहिलीत फक्त गोदावरी आणि ब्रह्मगिरी ठेवा, दुसरीत गंगापूर धरण येऊ द्या, तिसरीत शहर, चौथीत दारणा, पाचवीत कादवा आणि नांदूर मध्यमेश्वर. पुढच्या स्लाइडवर गेलात की नकाशा हलत नाही, नुसता वाढतो. अ‍ॅनिमेशनची गरजच नाही. आठ मुद्द्यांच्या जागी प्रत्येक स्लाइडला एक वाक्य, 'दारणा उजव्या तीराला मिळते' असं. बाकीचं तोंडी.

मधे फळ्याकडे वळायचं असेल तर कीबोर्डवर B दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा B दाबलं की परत.

खिचड्याचं कारण जुना टायपिंग फॉन्ट. त्यात मराठी दिसतं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडी पडतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, फॉन्ट Nirmala UI किंवा Mangal. पाच वाक्यंच तर आहेत. सोबत PDF प्रतही पेनड्राइव्हवर ठेवा.

निफाडचा_मास्तर
उजेडाचं पटलं. पण एकेकच वाक्य ठेवलं तर गैरहजर मुलं वहीत काय उतरवणार? आमच्याकडे द्राक्षांच्या हंगामात निम्मी बाकं रिकामी असतात.

खडू_डस्टर
स्लाइडखालच्या Notes मध्ये चार-पाच ओळी लिहा आणि प्रिंट करताना Notes Pages निवडा. वर नकाशा, खाली मजकूर असं पान निघतं.

निफाडचा_मास्तर
पाच स्लाइड म्हणजे पाच पानं. ६० मुलांच्या झेरॉक्सचा खर्च कोण देणार?

गोदाकाठ
शेवटच्या पूर्ण नकाशाचंच एक पान काढलं तर? नावं पुसून, ठिपके तसेच ठेवून, मुलांनीच नावं भरायची.

खडू_डस्टर
चालेल. फक्त झेरॉक्सला निळी रेघ फिकट येते, त्या प्रतीत नदी काळी करा. गैरहजर मुलांना ते एकच पान पुरेल का, याबद्दल मी साशंक आहे. निफाडच्या सरांचा मुद्दा तिथे राहतोच.